ऑनलाइन शिकवणीत तुमची शाई नेमकी कशावर उमटते?

एका पालकांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही गोल करून दिलेलं उदाहरण चौथं होतं म्हणे, आणि हिने सोडवलंय सातवं. घरात त्यावरून वाद चाललाय. चुकलं कुणाचं?"

मुलीचं चुकलं नव्हतं. मी खरोखरच चौथ्या उदाहरणाभोवती गोल केला होता. पण नंतर बोलता बोलता पान थोडं वर सरकवलं. पान सरकलं, गोल मात्र होता तिथेच राहिला आणि बरोबर सातव्या उदाहरणावर जाऊन बसला. मी तोवर चेहऱ्याकडे बघून बोलत होते, स्क्रीनकडे नाही. तिने दिसलं ते उतरवून घेतलं.

ऑनलाइन शिकवताना पेनने लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा प्रसंग एकदा तरी येतो. मग आपण "ॲप बिघडलंय" म्हणून मोकळे होतो. ॲप बिघडलेलं नसतं. आपली शाई कशावर उमटली होती, तेच आपल्याला माहीत नसतं. ते एकदा नीट कळलं की रेघ का सरकली, लिहिलेलं का पुसलं गेलं, मुलाला उशिरा का दिसलं, या बहुतेक सगळ्या कोड्यांचा उलगडा होतो.

## काच, कागद आणि फळा

पावसात बसच्या खिडकीवर वाफ धरते. तुम्ही आत बसून बोटाने त्या काचेवर बाहेरच्या झाडाभोवती गोल काढता. बस पुढे जाते, झाड मागे पडतं, गोल काचेवरच राहतो. आता त्या गोलात विजेचा खांब आहे. ॲनोटेशन म्हणजे हेच. तुम्ही स्क्रीन शेअर करता, तेव्हा मीटिंगचं ॲप तुमच्या स्क्रीनवर एक अदृश्य काच ठेवतं आणि तुमचं पेन त्या काचेवर चालतं. खाली पुस्तकाचं पान आहे, व्हिडिओ आहे की आणखी काही, याची त्या काचेला खबरबातही नसते. ती फक्त इतकंच लक्षात ठेवते की डावीकडून इतकं आणि वरून इतकं अंतर सोडून एक रेघ आहे.

दुसरा प्रकार कागदाचा. पीडीएफ उघडायच्या बऱ्याच ॲपमध्ये पेनाची सोय असते. त्यात लिहिलेलं त्या पानालाच चिकटतं. पान सरकवा, मोठं करा, उद्या पुन्हा उघडा, शाई पानासोबत राहते. पण हे लिखाण तुमच्या यंत्रावर आहे. समोरच्याला फक्त त्याचं चित्र दिसतं, त्याला तिथे स्वतः काही लिहिता येत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे सामायिक व्हाइटबोर्ड. मी याला सरळ फळाच म्हणते. ही तुमच्या स्क्रीनची नक्कल नव्हे, इंटरनेटवर ठेवलेली एक स्वतंत्र वस्तू आहे. तुम्ही आणि विद्यार्थी दोघंही आपापल्या यंत्रावरून त्याच फळ्याशी जोडलेले असता. दोघांनाही लिहिता येतं, सरकवता येतं, एकमेकांचं पुसताही येतं. मीटिंग बंद झाली तरी फळा बहुतेक ठिकाणी टिकून राहतो.

गोंधळ होतो तो असा की तिन्ही ठिकाणी वरच्या पट्टीत दिसणारं पेनाचं चित्र सारखंच असतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक आडवी रेघ ओढा आणि खालचं पान दोन बोटं सरकवून बघा. रेघ जागेवर राहिली तर ती काच. रेघ सोबत आली तर कागद किंवा फळा. आणि मग समोरच्याला विचारा, "तुला इथे लिहिता येतंय का?" येत असेल तर फळा.

काच वाईट म्हणून टाकून द्यायची नाही. जे आत्ता, या क्षणी दाखवायचं आणि लगेच विसरायचं आहे, त्यासाठी काचेसारखं काही नाही. आलेखावरचा एखादा बिंदू, नकाशातली नदी, परिच्छेदातला एक शब्द. Zoom मध्ये Vanishing Pen नावाचं पेन आहे, त्याची रेघ काही क्षणांत आपोआप विरून जाते. मी काचेवर असताना शक्यतो तेच वापरते. पान सरकवण्याआधी पुसायचं राहून गेलं, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही.

## मुलाला उशिरा आणि पुसट का दिसतं?

"मॅडम, अस्पष्ट दिसतंय" ही तक्रार आली की आपण इंटरनेटला बोल लावतो. कधी कधी दोष त्याचा असतोही. पण तुमचं लिखाण पलीकडे कोणत्या रूपात पोचतंय, यावर बरंच काही ठरतं.

तुम्ही तुमच्याच यंत्रावरच्या कागदावर लिहिता आणि स्क्रीन शेअर करता, तेव्हा पलीकडे जातो तो व्हिडिओ. तुमच्या स्क्रीनची चित्रं एकामागून एक काढली जातात, दाबून लहान केली जातात आणि धाडली जातात. नेट मंदावलं की ॲप चित्रांची संख्या कमी करतं किंवा त्यांचा दर्जा उतरवतं. बारीक रेघा आणि घातांकासारखे छोटे आकडे सगळ्यात आधी धुरकट होतात, कारण दाबताना नेमका बारीक तपशीलच गळतो.

सामायिक फळ्यावर चित्र जातच नाही, जातात ते फक्त बिंदूंचे पत्ते. तुम्ही एक रेघ ओढली की तिचे समजा 200 बिंदू नोंदले गेले. प्रत्येक बिंदूचे दोन आकडे, आडवा आणि उभा, आणि प्रत्येक आकड्याला 4 बाइट धरले तर पूर्ण रेघ 1600 बाइटमध्ये मावते. एखाद्या छोट्या मेसेजएवढाच हा ऐवज. मुलाचं यंत्र ते पत्ते घेऊन रेघ स्वतः नव्याने काढतं, म्हणून ती पलीकडेही धारदार दिसते आणि कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

एखाद्याला फोनवर चित्राचं वर्णन करून सांगावं, "वरून खाली ये, मग उजवीकडे वळ", आणि त्याने आपल्या कागदावर ते काढावं, तसं हे आहे. फोटो पाठवण्यापेक्षा हे हलकं पडतं. मात्र यातही एक खोच आहे. काही फळे तुमची रेघ पूर्ण झाल्यावरच, म्हणजे पेन उचलल्यावरच, पुढे पाठवतात. तुम्ही पेन न उचलता लांबलचक वळण काढत राहिलात तर पलीकडे तेवढा वेळ सामसूम असते आणि मग सगळं एकदम उमटतं. दुसऱ्या यंत्रावर तोच फळा उघडून एकदा स्वतःच बघून ठेवा. तुमचा फळा तसा असेल तर रेघा तोडून तोडून काढायच्या.

नेट खरोखरच कमकुवत असलेल्या मुलांसाठी मी दोन्ही बाजूंचे कॅमेरे बंद करून आवाज आणि फळा एवढंच चालू ठेवते. चेहरा दिसत नाही याचं मला वाईट वाटतं, पण गणित अडत नाही.

## हात इथे, डोळे तिथे

आता पेनाकडे वळू. पेन टॅब्लेट म्हणजे पाटीसारखी एक सपाट काळी पट्टी, जी तारेने किंवा ब्लूटूथने संगणकाला जोडतात. साध्या प्रकारात तिला पडदा नसतो. लिहायचं पाटीवर आणि बघायचं समोरच्या स्क्रीनवर. पडद्यावरच लिहिता येणारे टॅब्लेटही असतात, त्यांत हात आणि अक्षर एकाच जागी असतं. पण शिकवण्यासाठी सुरुवात करणारे बरेचजण साध्या पाटीपासूनच करतात, आणि बहुतेक तक्रारीही तिच्याच असतात.

या पाटीचं पेन बहुधा चार्ज करावं लागत नाही. पाटीच्या आत बारीक तारांची जाळी असते. ती हलकं चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातलं वेटोळं त्यातूनच ऊर्जा घेतं आणि उलट संकेत देतं. त्यामुळे पेन पाटीला टेकलं नसेल, साधारण एक सेंटीमीटर वर तरंगत असेल, तरीही ते कुठे आहे हे संगणकाला कळतं आणि स्क्रीनवरचा बाण हलतो. नवशिक्यांना नेमकं हेच माहीत नसतं. ते थेट टेकवतात आणि अक्षर भलत्याच ठिकाणी पडतं. आधी तरंगवून नेम धरायचा, मग टेकवायचं. ही एक सवय लागली की निम्मी चिडचिड संपते.

दुसरी गोष्ट, पाटी माऊससारखी वागत नाही. माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण जागचा हलत नाही. पाटीचा मात्र प्रत्येक बिंदू स्क्रीनच्या एका ठरावीक बिंदूशी बांधलेला असतो. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा. हे बांधकाम चुकलं की अक्षरं फाकतात, आणि माणूस आपल्याच हस्ताक्षराला दोष देत बसतो.

माझ्याबाबतीत असंच झालं. नवा दुसरा मॉनिटर जोडला आणि त्या दिवसापासून माझी वर्तुळं अंड्यासारखी येऊ लागली. हिशेब केला तेव्हा उलगडलं. माझ्या पाटीवर लिहिण्याची जागा 152 मिलिमीटर रुंद आणि 95 मिलिमीटर उंच आहे. प्रत्येक मॉनिटर 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचा. पाटी दोन्ही मॉनिटरांवर मिळून पसरली होती, म्हणजे आडव्या दिशेला 3840 ठिपके. आडवा एक मिलिमीटर सरकलं की सुमारे 25 ठिपके, आणि उभा एक मिलिमीटर सरकलं की सुमारे 11. पाटीवर गोल काढला तरी स्क्रीनवर तो उंचीच्या सव्वादोन पट रुंद दिसणारच! पाटी एकाच मॉनिटरला बांधल्यावर आडवे साडेबारा आणि उभे साडेअकरा ठिपके झाले, म्हणजे जवळपास सारखे. उरलेला फरक घालवण्यासाठी पाटीच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची खूण असते. वॅकॉमच्या पाट्यांमध्ये तिचं नाव Force Proportions आहे. ती लावली की पाटीची खालची थोडी जागा वाया जाते, पण गोल गोलच येतो. भूमिती शिकवणाऱ्याने ती आजच लावावी.

तिसरी तक्रार खास आपल्या लिपीची. अनुस्वार गायब होतात. दशांश चिन्हही. "शंभर"चं "शभर" होतं आणि 2.5 चे 25. कारण असं की छोटासा ठिपका म्हणजे पेन टेकवून लगेच उचलणं, आणि संगणकाला ती रेघ न वाटता "क्लिक" वाटते. त्यातच विंडोजवर पेन क्षणभर दाबून धरलं की एक कडं उमटतं आणि उजव्या बटणाचा मेनू उघडतो. Pen and Touch नावाच्या खिडकीत Press and hold ही ओळ निवडून Settings मध्ये Enable press and hold for right-clicking समोरची खूण काढली की कडं उमटायचं थांबतं. तरीही मी ठिपका देताना पेनाने बारीकसा तिरका फटका मारते, म्हणजे ती रेघच ठरते. दशांश चिन्ह तर मी मुद्दाम ठळक काढते.

अक्षर किती मोठं काढावं, हाही प्रश्न हिशेबाचा आहे. माझा 24 इंची मॉनिटर सुमारे 53 सेंटीमीटर रुंद आहे. विद्यार्थी आडव्या धरलेल्या फोनवर बघत असेल तर त्याच्याकडे सुमारे 14 सेंटीमीटर आहेत. म्हणजे माझं सगळं लिखाण जवळपास पावणेचार पटींनी आक्रसतं. माझं एक सेंटीमीटरचं अक्षर त्याला अडीच मिलिमीटरचं दिसतं, त्यातला घातांक तर मुंगीएवढा. म्हणून समोर फोन आहे हे कळलं की मी अक्षर दुप्पट करते आणि एका वेळी चार-पाच ओळींपेक्षा जास्त लिहीत नाही. तास सुरू होताना "कशावर बघतोयस?" हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात.

## एक गणित, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

हे सगळं एका तासात कसं उतरतं ते बघू. दहावीतला एक मुलगा. वर्गसमीकरण सोडवलंय आणि उत्तर लिहिलंय, "वास्तव मुळे नाहीत". तासाआधी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यात एवढंच होतं:

```
2x² − 7x + 3 = 0
a = 2, b = −7, c = 3
b² − 4ac = −7² − 4·2·3
         = −49 − 24
         = −73
```

चूक तिसऱ्या ओळीत आहे, हे शिकवणाऱ्याला दोन सेकंदांत दिसतं. लगेच लाल पेन घेऊन तिथे कंस टाकायचा मोह होतो. काचेवर तो टाकताही येईल. पण मग दुरुस्ती माझी होईल, आणि पुढच्या गणितात मुलगा पुन्हा तेच करेल. म्हणून हे काम फळ्याचं.

मी फोटोतल्या या पाच ओळीच कापून घेतल्या आणि फळ्याच्या डाव्या बाजूला चिकटवल्या. मग त्या चित्राला कुलूप लावलं. बहुतेक फळ्यांवर चित्र निवडलं की Lock असा पर्याय मिळतो. हे विसरलात तर पहिल्याच रेघेला पेन चित्राला पकडून ओढत नेतं आणि वर लिहिलेलं मागे राहतं. म्हणजे फिरून बसच्या काचेची गोष्ट.

रंग आधीच ठरवले. निळा माझा, हिरवा त्याचा. लाल कुणाचाच नाही. यात काही मोठं मानसशास्त्र नाही, फळा दुसऱ्या दिवशी उघडला तर कुणी काय लिहिलं हे कळावं, एवढंच.

पहिलं काम त्याचं. "जिथपर्यंत तुला खात्री आहे, तिथपर्यंत प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण कर." त्याने पाचही ओळींपुढे खुणा केल्या. चौथ्या खुणेपाशी त्याचा हात जरा थबकला, हे मला दिसलं, कारण फळ्यावर त्याच्या नावाचा बाण हलताना दिसतो. तोंडी विचारलं असतं तर "हो मॅडम, कळतंय" एवढंच ऐकू आलं असतं. फळ्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हा, मुलाचा हात कुठे थांबतो ते दिसतं.

मग उजवीकडच्या मोकळ्या जागेत मी मोठ्या अक्षरांत दोनच गोष्टी लिहिल्या, `(−7)²` आणि `−7²`. "दोन्हींच्या खाली गुणाकार उलगडून लिही." त्याने बोटाने लिहिलं, वेडंवाकडं, पण वाचता येण्याजोगं. पहिल्याखाली `(−7)×(−7)`. दुसऱ्याखालीही आधी तेच. थोडं थांबून त्याने ते पुसलं आणि `−(7×7)` लिहिलं. यानंतर मी काही बोलले नाही. तो स्वतःच डावीकडे गेला आणि तिसऱ्या ओळीतल्या −7 भोवती हिरवा कंस घातला.

इथे घोळ झाला. पुढची ओळ मी लिहीत होते आणि तो म्हणाला, "मॅडम, काहीच दिसत नाहीये." फळा सगळ्या बाजूंनी लांबवर पसरलेला असतो, आणि प्रत्येकजण आपल्या खिडकीतून त्याचा वेगळा तुकडा बघत असतो. त्याने दोन बोटांनी फळा सरकवला होता. माझ्यासमोर गणित, त्याच्यासमोर कोरी जागा. स्क्रीन शेअरमध्ये हे होऊच शकत नाही, तिथे मी बघते तेच त्याला दिसतं. फळ्याच्या स्वातंत्र्याची ही किंमत आहे. काही फळ्यांवर सगळ्यांना आपल्यापाशी खेचून आणायचं किंवा दुसऱ्याच्या मागे जायचं बटण असतं. माझा उपाय साधा आहे. प्रत्येक गणिताभोवती आधीच एक चौकट आखते आणि तिला मोठा आकडा देते. "दोन नंबरच्या चौकटीत ये" म्हटलं की पोर बरोबर येतं.

पुढचं त्यानेच सोडवलं:

```
(−7)² − 4·2·3 = 49 − 24 = 25
x = (7 ± 5) / 4
x = 3  किंवा  x = 1/2
```

चुकीच्या ओळी मी पुसल्या नाहीत, त्यालाही पुसू दिल्या नाहीत. डावीकडे −73, उजवीकडे 25, शेजारी शेजारी. कागदावर खाडाखोड करावी लागते, फळ्यावर जागेला तोटा नाही. मग त्याला x = 3 मूळ समीकरणात घालून बघायला सांगितलं. 18 वजा 21 अधिक 3, शून्य. "म्हणजे मुळं आहेत!" हे तो जरा रागानेच म्हणाला.

तासाच्या शेवटी गृहपाठ द्यायचा होता. पुस्तकाचं पीडीएफ पान उघडलं आणि या वेळी काचेवर नाही, पानावरच, पीडीएफच्या पेनाने तीन आकड्यांना गोल केले. आणि आकडे तोंडानेही सांगितले. त्या फोननंतर एवढी खबरदारी घेतेच.

## पण विद्यार्थ्याकडे पेन नसतं, त्याचं काय?

बहुतेकांकडे नसतंच, आणि नसलं तरी चालतं. फक्त त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, ते त्याच्या हातातल्या साधनावर ठरवावं लागतं. फोनवर बोटाने खूण करणं, गोल करणं, बाण काढणं, एखादी छोटी राशी लिहिणं जमतं. माऊसने खुणा जमतात, अक्षरं मात्र रडतखडत. सहा ओळींची सिद्धता बोटाने लिहायला लावणं हा छळ आहे.

लांब उत्तर हवं असेल तर मी त्याला वहीत लिहू देते आणि फोटो फळ्यावर टाकायला सांगते. किंवा पायऱ्या मीच आधी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट ठेवते आणि त्याने त्या ओढून क्रम लावायचा. ओढायला बोट पुरतं, आणि विचार तर त्यालाच करावा लागतो.

फळ्यावर मुलं चित्रं काढत बसतील, दुसऱ्याचं पुसतील, अशी भीती गटाच्या तासात रास्त आहे. तिथे मी लिहिण्याची मुभा प्रश्नापुरती उघडते आणि मग फळा फक्त बघण्यापुरता ठेवते. एकट्या मुलाच्या शिकवणीत मात्र ही भीती बाळगू नये. त्याने एखादं भूत काढलं तर काढू द्या, दोन मिनिटांत कंटाळतो.

## फोन उलटा टांगून वहीवर लिहिलं तर बिघडतं कुठे?

कुठेच नाही. अनेक उत्तम शिक्षक स्टँडवर फोन लावून त्याखाली साध्या पेनने वहीत लिहितात, आणि त्यांचं अक्षर माझ्या पाटीवरच्या अक्षरापेक्षा कितीतरी सुबक दिसतं. विषय समजावून सांगायचा असेल, लांब सिद्धता मांडायची असेल, तर हा मार्ग बिनतोड आहे. हाताची सावली पडते, पान सरकलं की कॅमेरा क्षणभर धूसर होतो, एवढीच किरकोळ कटकट. फोन मीटिंगमध्ये दुसरं यंत्र म्हणून जोडत असाल तर त्याचा माईक आणि आवाज दोन्ही बंद करा, नाहीतर आवाज फिरून फिरून शिट्टी वाजेल.

अडतं ते एकाच ठिकाणी. त्या वहीत मुलाला लिहिता येत नाही. वरच्या गणितात तो जिथे थबकला, ते मला वहीवरच्या कॅमेऱ्यातून दिसलं नसतं. म्हणून मी समजावताना वही वापरायला हरकत घेत नाही, पण चूक शोधताना फळ्यावर येते.

## तास संपल्यावर शाईचं काय होतं?

काचेवरची शाई स्क्रीन शेअर बंद करताच जाते. Zoom मध्ये ॲनोटेशनच्या पट्टीत Save आहे, पण ते त्या क्षणी स्क्रीनवर जे दिसतंय त्याचं चित्र काढतं. मागच्या पानावर काय लिहिलं होतं, ते त्यात नसतं. कागदावरची शाई फाइलमध्ये राहते, फाइल जपून ठेवली असेल तर. फळा सर्वांत टिकाऊ वाटतो, आणि म्हणूनच तिथे माणूस निर्धास्त होतो.

गूगलचा जॅमबोर्ड अनेक शिक्षकांनी अशाच भरवशावर वापरला. कंपनीने तो बंद करायचं ठरवलं. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्यावर नवं काही लिहिता येईना, आणि 31 डिसेंबर 2024 ला तो बंद झाला. ज्यांनी आपले फळे वेळेत उतरवून घेतले किंवा दुसरीकडे हलवले, त्यांचं लिखाण वाचलं.

मी आता प्रत्येक तासानंतर फळा पीडीएफ म्हणून उतरवते, फाइलला तारीख आणि धड्याचं नाव देते आणि मुलाला पाठवते. उतरवताना एकदा बघून घ्यावं लागतं, कारण फळा फार पसरलेला असेल तर तो सगळा एका पानात कोंबला जातो आणि अक्षरं वाचता येत नाहीत. चौकटी आखलेल्या असल्या तर काही फळे प्रत्येक चौकट वेगळ्या पानावर देतात.

त्या मुलाच्या फाइलमध्ये दुसऱ्या पानावर डावीकडे अजून −73 आहे, आणि त्याच्या दोन ओळी वर बोटाने काढलेला हिरवा, थोडा तिरका कंस.